फँटसी संघात शेवटच्या जागा दर वेळी 'भरतीच्या' का निघतात? एका फायनलवरून केलेली दुरुस्ती

तक्रार नेहमीची आहे. शंभर क्रेडिट, अकरा खेळाडू. पहिले सात जण निवडताना मजा येते, आठव्याला कपाळावर आठी पडते आणि शेवटच्या तिघा-चौघांना आपण केवळ 'परवडतात' म्हणून घेतो. सामना सुरू होतो, त्यातला एक फलंदाजीला येतच नाही, एकाला तीनच षटकं मिळतात, आणि आपण म्हणतो, 'नशीबच फुटकं.' पुढच्या सामन्यात पुन्हा तेच.

आमच्या मावस-मामे-आत्ये अशा सगळ्या भावंडांची एक लीग आहे. तिची शीट मी सांभाळते. पैशांचा संबंध नाही, हरणाऱ्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची एवढंच. (पैसे लावून खेळायच्या लीगबद्दल मला विचारू नका. २०२५ च्या कायद्याने तो विषयच संपवला आहे.) शीट माझ्याकडे असल्याने प्रत्येकाचा संघ कसा बनतो आणि कुठे फसतो ते मला दिसतं. माझा एक मामेभाऊ वर सांगितलेल्या दुखण्याचा जुना रुग्ण. त्याच्याच एका संघावर ही दुरुस्ती करून दाखवते. सामना सगळ्यांना पाठ असलेला घेतला आहे: २९ जून २०२४, ब्रिजटाऊन, टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका.

आमचे नियम साधे आहेत. एका धावेला १ गुण, विकेटला २५, झेलाला ८, थेट फेकीने धावबाद केल्यास १२. कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. चौकार-षटकाराचा बोनस नाही. एका देशाचे जास्तीत जास्त सात, किमान एक यष्टिरक्षक, तीन फलंदाज, एक अष्टपैलू, तीन गोलंदाज. खेळाडूंचे भाव आम्हीच स्पर्धेआधी ठरवतो आणि ते ठरवताना प्रत्येक जण आपापल्या लाडक्याचा भाव वाढवतो, हे ओघाने आलंच.

भावाचा संघ असा होता. रोहित ११, सूर्यकुमार १०.५, बुमराह १०.५, डी कॉक १०.५, हार्दिक १०, क्लासेन १०, रबाडा ९.५. इथवर सात जण आणि ७२ क्रेडिट. उरले २८, भरायच्या जागा चार. मग स्टब्स ७.५, हेंड्रिक्स ७, दुबे ७ आणि शम्सी ६.५. बेरीज बरोबर १००. कर्णधार रोहित, उपकर्णधार सूर्या.

कोहली का नाही, असं मी तेव्हा विचारलं होतं.

"ताई, सात डावांत पंच्याहत्तर धावा. साडेदहा क्रेडिट पाण्यात घालू का?"

आकडा खरा होता. १, ४, ०, २४, ३७, ०, ९. उलट रोहितने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ९२ आणि उपांत्य सामन्यात ५७ केल्या होत्या. सूर्याने याच ब्रिजटाऊनच्या मैदानावर अफगाणिस्तानविरुद्ध ५३ आणि उपांत्य सामन्यात ४७. शम्सीने आदल्या सामन्यात ६ धावांत ३ बळी घेतले होते. म्हणजे भावाचा संघ डोळे मिटून केलेला नव्हता. फॉर्म बघूनच केलेला होता. हे मुद्दाम सांगते, कारण हे दुखणं आळशी लोकांना होतं असा एक गैरसमज आहे.

निकाल: रोहित ९ धावा. सूर्या ३ धावा, पण दोन झेल (त्यातला मिलरचा सीमारेषेवरचा झेल विसरणं शक्य नाही), म्हणजे १९ गुण. बुमराह ५०. डी कॉक ३९ धावा, एक झेल आणि अक्षरला धावबाद, मिळून ५९. हार्दिक ८०. क्लासेन ५२ धावा आणि दोन झेल, ६८. रबाडा ३७. स्टब्स ३१, दुबे २७, हेंड्रिक्स ४, शम्सी शून्य. सगळे मिळून ३८४, कर्णधार-उपकर्णधाराची भर घालून ४०२.५. मिसळ त्याच्याकडे लागली.

आता बिघाड शोधू.

सामन्यानंतर सगळे रोहित-सूर्याकडे बोट दाखवतात. मी आधी वेगळी गोष्ट मोजते: या अकरा जणांनी मिळून किती षटकं टाकली? बुमराह ४, रबाडा ४, शम्सी ३, हार्दिक ३. चौदा. दोन्ही डाव मिळून चाळीस षटकं होती. सव्वीस षटकं अशा लोकांनी टाकली जे त्याच्या संघातच नव्हते. त्या सव्वीस षटकांत पडलेल्या एकाही विकेटचे २५ गुण त्याच्या खात्यात येऊ शकत नव्हते, कोणी कितीही फॉर्मात असो.

इथेच मूळ गोष्ट येते. फँटसीत खेळाडूला गुण मिळतात ते चेंडूंमधून. तो खेळलेला चेंडू किंवा टाकलेला चेंडू. झेल वगैरे वरकड. टी-ट्वेंटीत बरा फलंदाज चेंडूमागे सव्वा ते दीड धाव काढतो, म्हणजे सव्वा ते दीड गुण. बरा गोलंदाज अठरा-वीस चेंडूंमागे एक बळी घेतो. २५ भागिले १८ करा, उत्तर १.४ च्या आसपास येतं. म्हणजे आमच्या गुणपद्धतीत खेळलेला एक चेंडू आणि टाकलेला एक चेंडू यांची किंमत जवळपास सारखीच. मग दोन्हींची सरळ बेरीज करता येते, आणि खेळाडू फलंदाज की गोलंदाज हा वादच उरत नाही. विचारायचं एवढंच: या सामन्यात याच्या वाट्याला चेंडू किती, आणि एका क्रेडिटमागे किती?

(तुमच्या लीगमध्ये चौकार-षटकाराचा बोनस असेल किंवा विकेटला ३० असतील तर ही तुलना पुन्हा करा. षटकाराचा भरघोस बोनस असेल तिथे खेळलेला चेंडू टाकलेल्या चेंडूपेक्षा महाग होतो. ही पाच मिनिटांची आकडेमोड स्पर्धेच्या सुरुवातीला एकदाच करायची असते, पण कोणी करत नाही.)

चेंडूंचा माझा ठोकताळा असा आहे. सलामीवीर २०, तिसऱ्या क्रमांकाचा १८, चौथ्याचा १४, पाचव्याचा १२, सहाव्याचा ८ ते १०, सातव्याचा ४. चार षटकं नक्की असणारा गोलंदाज २४, अष्टपैलूला कर्णधार गेल्या तीन-चार सामन्यांत जेवढी षटकं देत आला तेवढी. मी शीटमध्ये भाव `C` रकान्यात, खेळायचे चेंडू `D` मध्ये, टाकायचे `E` मध्ये लिहिते आणि `F` मध्ये हे सूत्र खाली ओढते:

```
=(D2+E2)/C2
```

हे या सामन्यावर लावलं की चित्र पालटतं. सूर्या चौथ्या क्रमांकावर, १४ चेंडू, भाव १०.५, उत्तर १.३. जडेजा आमच्याकडे ९ ला होता. सातव्या-आठव्या क्रमांकाचे ४ चेंडू आणि एखाद-दुसरं षटक, म्हणजे त्याचंही उत्तर १.३. नावाची किंमत म्हणतात ती हीच. त्या अख्ख्या स्पर्धेत त्याच्या नावावर ३५ धावा आणि एकच बळी होता, तरी दर सामन्यात आमच्यातल्या दोघा-तिघांच्या संघात तो असायचाच. आता दुसरं टोक बघा. अक्षर ८ ला. तीन-साडेतीन षटकांचे २० चेंडू, वर फलंदाजीचे ८ चेंडू, उत्तर ३.५. यान्सन ८ ला. नव्या चेंडूवर चार षटकं आणि सातव्या क्रमांकाची फलंदाजी, तोही ३.५. महाराज ७.५ ला २४ चेंडू, उत्तर ३.२. अर्शदीप आणि नॉर्किए ९ ला २४, दोघेही २.७. बुमराह महाग असूनही २.३. रोहित-कोहली १.८ ते १.९.

भावाने जे चार 'भरतीचे' घेतले त्यांत दुबे १.४ वर बसतो आणि शम्सी वरवर पाहता चांगला दिसतो. शम्सीकडे नंतर येते.

आता दुरुस्ती. अख्खा संघ पाडून नव्याने बांधायची गरज नसते, आणि सामन्याला वीस मिनिटं उरली असताना ते जमतही नाही. मी जोड्या बदलते. एक महाग आणि एक भरतीचा असे दोघं एकदम विकायचे आणि त्याच पैशांत दोन मधल्या भावाचे, पण भरपूर काम असलेले खेळाडू घ्यायचे. एकेकटा खेळाडू बदलायला गेलं की बजेट आडवं येतं, म्हणून लोक तिथेच अडकतात. जोडीने बदललं की वाट मोकळी होते.

पहिली जोडी. सूर्या १०.५ आणि शम्सी ६.५, मिळून १७. त्याच १७ त अर्शदीप ९ आणि अक्षर ८ येतात. आधी या दोन जागांवर जेमतेम ३२ चेंडू होते, आता ५२. प्रत्यक्षात काय झालं? सूर्या-शम्सीने १९ गुण दिले. अर्शदीपने दोन बळींचे ५०, अक्षरने ४७ धावा आणि एका बळीचे मिळून ७२. म्हणजे १२२.

दुसरी जोडी. रोहित ११ आणि दुबे ७, मिळून १८. त्या १८ त कोहली १०.५ आणि महाराज ७.५. इथे तुम्ही म्हणाल, निकाल माहीत असल्यावर कोहली घेणं सोपं आहे. कबूल. रोहित फॉर्मात होता आणि दोघेही सलामीलाच येत होते. पण ही जोडी नीट बघा. रोहित ठेवला तर उरलेल्या ७ त दुबे किंवा हेंड्रिक्सच येतो. अर्धा क्रेडिट कमी भावाचा सलामीवीर घेतला की ७.५ चा महाराज परवडतो, जो पॉवरप्लेपासूनच गोलंदाजीला येणार. या बदलाचा हिरो कोहली नाही, महाराज आहे. त्याने सामन्याच्या दुसऱ्याच षटकात रोहित आणि पंत दोघांना काढलं, शिवाय जडेजाचा झेल घेतला आणि दोन धावा काढल्या. ६० गुण. कोहलीचे ७६ धरून जोडीचे १३६ झाले. आधीच्या जोडीचे ३६ होते.

तिसरी जोडी. रबाडा ९.५ आणि स्टब्स ७.५ च्या जागी नॉर्किए ९ आणि यान्सन ८. चेंडू ३६ वरून ५२. या बदलाने मात्र फारसं काही हाती लागलं नाही. आधी ६८ गुण होते, नंतर ७८. यान्सनला ४ षटकांत ४९ धावा बसल्या. हेही सांगायलाच हवं, कारण चेंडू म्हणजे संधी, त्या संधीचं काय होईल याची हमी शीट देत नाही.

तिन्ही बदल केल्यावर संघ होतो: डी कॉक, कोहली, क्लासेन, हेंड्रिक्स, हार्दिक, अक्षर, यान्सन, बुमराह, अर्शदीप, महाराज, नॉर्किए. एक यष्टिरक्षक, तीन फलंदाज, तीन अष्टपैलू, चार गोलंदाज. क्रेडिट तंतोतंत १००. यातल्या सात जणांनी मिळून टाकलेली षटकं सव्वीस. बुमराह कर्णधार आणि हार्दिक उपकर्णधार धरला तर गुण ६८७.

हा संघ मी सामन्यानंतर बसवला, त्यामुळे ६८७ ला मी स्वतःच मान देत नाही. यात नशीब किती हे तपासायला मी नशिबाचा भाग काढून टाकते. समजा कोहलीने त्याच्या त्या स्पर्धेतल्या नेहमीच्या रडगाण्याप्रमाणे ७ च धावा केल्या असत्या आणि ३४ ला ३ बाद झाले नसते, म्हणून अक्षर वर न येता खाली येऊन १० वर थांबला असता. ६९ आणि ३७ असे १०६ गुण गेले, तरी ५८१ उरतात. भावाच्या ४०२.५ च्या पुढेच. कर्णधाराची भर दोन्हीकडून वगळली आणि हाच १०६ गुणांचा फटका धरला, तरी ४९१ विरुद्ध ३८४ होतं. एका सामन्यावरून पद्धत सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण फरक कुठून आला ते यावरून दिसतं.

आता फॉर्म आणि पिच. चेंडू मोजल्यावर हे दोन्ही कशाला लागतात? तर चेंडूंचं उत्तर सारखं आलेल्या दोघांतून एक निवडायला. आणि इथे एक मोठी चूक सर्रास होते: फॉर्म आणि पिच वेगवेगळे वाचले जातात. फॉर्म नेहमी कुठल्या तरी पिचवरचा असतो.

कोहलीचे सात डाव घ्या. त्यातले १, ४, ० हे पहिले तीन न्यूयॉर्कच्या त्या बाहेरून आणून बसवलेल्या पिचवरचे, जिथे भलेभले फलंदाज चाचपडत होते. ते बाजूला ठेवले तर उरतात २४, ३७, ०, ९. त्यातले २४ खुद्द ब्रिजटाऊनमधले. आणि महिनाभर आधीच संपलेल्या आयपीएलमध्ये ७४१ धावा, सगळ्यांत जास्त. मग हा माणूस फॉर्मात आहे की नाही? मी म्हणेन, माहीत नाही. आणि 'माहीत नाही' आलं की मी फॉर्मचा मुद्दा सोडते आणि फक्त चेंडू बघते. पहिल्या चेंडूपासून खेळायला येणाऱ्याला सगळ्यांत जास्त चेंडू मिळू शकतात, एवढं पुरे.

आता शम्सी. ६ धावांत ३ बळी हा आकडा डोळे दिपवणारा. पण तो तारुबाच्या पिचवरचा, जिथे अफगाणिस्तान ५६ त गारद झालं, आणि शम्सी गोलंदाजीला आला तेव्हा वरची फळी वेगवान गोलंदाजांनी आधीच गुंडाळली होती. त्याने टाकले अकरा चेंडू. अकरा चेंडूंवरून मी कोणाचा फॉर्म ठरवणार नाही. कागदावर ६.५ भावाला त्याचं उत्तर चांगलं येतं हे खरं, पण ते १८ चेंडू धरून. ते १८ खात्रीचे आहेत का हा प्रश्न विचारला की तो गळतो. संघात महाराज होता, गरज पडली तर मार्करमही फिरकी टाकतो, म्हणजे फिरकीच्या षटकांना वाटेकरी तीन. त्यात महाराज पॉवरप्लेतही येतो आणि शम्सी फक्त मधल्या षटकांत. दोघांपैकी एकच घ्यायचा असेल तर एक क्रेडिट जास्त देऊन महाराज. प्रत्यक्षात महाराज ३, शम्सी ३, मार्करम २ अशी वाटणी झाली. षटकं सारखीच निघाली, पण शम्सीला विकेट मिळाली नाही. इथे माझं गणित अर्धंच बरोबर ठरलं.

कुलदीप आणि अर्शदीप दोघेही ९ ला, दोघांचे चेंडू २४. इथे पिच कामाला येतं. कुलदीपने उपांत्य सामन्यात १९ धावांत ३ बळी घेतले होते, पण ते गयानाच्या खाली राहणाऱ्या, संथ पिचवर. ब्रिजटाऊनला चेंडू चांगला उसळतो, तिथे समुद्राचा वारा आडवा वाहतो आणि वाऱ्याच्या दिशेने मारलेला फटका सहज पल्ला गाठतो. याच मैदानावर आठवड्यापूर्वी अफगाणिस्तानविरुद्ध बुमराहने ७ धावांत ३ आणि अर्शदीपने ३ बळी घेतले होते. शिवाय अर्शदीप डावाच्या सुरुवातीला आणि शेवटी अशा दोन्ही टोकांना टाकतो, आणि शेवटच्या षटकांत फलंदाज बॅट फिरवतात तेव्हा विकेट पडतात. म्हणून अर्शदीप. कुलदीपची ४ षटकं ४५ धावांत बिनबळी गेली. अक्षरच्या एका षटकातही क्लासेनसमोर २४ धावा गेल्या त्या याच वाऱ्यावर. अक्षर घेतला तो गोलंदाजीवर फिदा होऊन नव्हे. तो दोन्हीकडून चेंडू मिळवतो आणि संघ त्याला गरजेप्रमाणे वरखाली करतो म्हणून. न्यूयॉर्कला पाकिस्तानविरुद्ध त्याला चौथ्या क्रमांकावर पाठवलं होतंच, तेव्हा तो वर येऊ शकतो हे फायनलच्या आधीच दिसलेलं होतं.

पिच वाचताना मी दोनच प्रश्न विचारते: विकेट कोणाला मिळतात आणि सामन्याच्या कुठल्या भागात मिळतात. 'बॅटिंग पिच आहे' या वाक्याचा फँटसीत काही उपयोग नाही. धावा जास्त झाल्या तरी दोन्ही डावांत मिळून बारा-पंधरा विकेट पडतातच, कोणाच्या तरी खात्यावर जातातच.

घरचं उदाहरण घ्यायचं तर वानखेडे. लाल मातीचं पिच, चेंडू बॅटवर छान येतो, नव्या चेंडूला उसळी मिळते. रात्रीच्या सामन्यात दव पडलं की दुसऱ्या डावात चेंडू साबणासारखा निसटतो आणि फिरकी गोलंदाजाची पकड जाते. तिथे टॉसनंतर मी एवढंच करते: जो संघ दुसऱ्यांदा गोलंदाजी करणार त्याच्या फिरकी गोलंदाजाचे `E` मधले २४ चेंडू १८ करते. पहिल्या डावात टाकणाऱ्या फिरकीपटूला हात लावत नाही. एवढ्या फरकाने कधी कधी अख्खी जोडी बदलते. आणि हो, हे टॉसनंतरच करायचं. दुपारी चारला संघ लॉक करून संध्याकाळी दवाच्या नावाने बोटं मोडणारे आमच्याकडे दोघं आहेत.

ही पद्धत कुठे चालत नाही तेही सांगते. एक म्हणजे प्लेइंग इलेव्हन माहीत नसताना. त्या फायनलला दोन्ही संघ उपांत्य सामन्यातलेच उतरले म्हणून गणित सोपं होतं. साखळी सामन्यांत स्वस्त खेळाडू नेमका बाहेर बसलेला निघतो, आणि शून्य चेंडूंना कितीही कमी क्रेडिटने भागा, उत्तर शून्यच. इम्पॅक्ट प्लेअरच्या नियमात तर पहिल्यांदा फलंदाजी केलेला संघ पहिल्या डावानंतर फलंदाजाला बाहेर काढून गोलंदाज आणतो, तेव्हा दुसऱ्या डावात गोलंदाजी असलेल्या संघाचा चौथा-पाचवा गोलंदाज घेताना मी त्याचे चेंडू अर्धेच धरते.

दुसरं, हेंड्रिक्स. ७ भावाचा सलामीवीर, २० चेंडू, उत्तर २.९. शीटच्या लेखी उत्तम. बुमराहने दुसऱ्याच षटकात त्याचा त्रिफळा उडवला. ४ धावा, पाच चेंडू. आणि मी जो दुबे बाहेर काढला त्याने २७ केल्या. माझा शेवटचा, म्हणजे अकरावा खेळाडू भरतीचाच निघाला. फरक एवढाच की भावाच्या संघात असे चार होते आणि माझ्यात एक. एकावर आणण्याचाच हा उपाय आहे, शून्यावर नाही.

कर्णधाराबद्दल विचारलं जाईल म्हणून: मी २४ चेंडू नक्की असणारा, आणि नवा चेंडू व शेवटची षटकं दोन्ही टाकणारा गोलंदाज किंवा खरा अष्टपैलू बघते. सलामीवीराला कर्णधार केलं तर एका चुकीच्या फटक्यावर दुप्पट शून्य. गोलंदाजाला पहिल्या षटकात मार बसला तरी तीन षटकं बाकी असतात. रोहितबाबत भावाला हेच नडलं. त्या दिवशी रोहितने दुसऱ्या षटकात दोन चौकार मारले तेव्हा भावाने ग्रुपवर फटाके फोडले होते. पाच चेंडूंत सगळं आटोपलं.

हे सगळं मी त्याला मिसळ खाताना वहीवर मांडून दाखवलं. त्याने जोड्यांचं गणित दोनदा तपासलं, मग म्हणाला, "म्हणजे मी महाराजला अर्ध्या क्रेडिटने हुकवला." अर्ध्या नाही, त्याला तर तो पूर्ण परवडत होता, फक्त त्याची सुरुवात रोहितपासून झाली होती. आता तो यादी खालून वाचतो. आधी ८ च्या आतले आणि २४ चेंडूंचे तिघं-चौघं शोधतो, मग वरचे. परवा विचारत होता, अक्षरचा भाव पुढच्या मोसमात ८ च ठेवणार ना? बाकीच्या भावंडांनी साडेनऊ मागितले आहेत.